एक ओळ छापलेलं नवं पासबुक

पासबुक हरवल्याचा अर्ज आला नाही असा आठवडा बँकेच्या शाखेत सहसा जात नाही. अर्ज बहुतेक वेळा एका ओळीचा असतो: ‘माझे पासबुक गहाळ झाले आहे, तरी नवीन मिळावे ही विनंती.’ खाली सही. खाते क्रमांक कधी असतो, कधी नसतो. काउंटरवरची मॅडम अर्ज घेतात, कोरं पासबुक काढतात, प्रिंटरमध्ये सरकवतात. खातेदाराच्या हातात जे पडतं त्याच्या पानावर पुष्कळदा एकच ओळ छापलेली असते: आजची तारीख आणि आजची शिल्लक.

खातेदार दोन पानं उलटतो आणि विचारतो, ‘‘मॅडम, आमचं ऊसबिल जमा झालेलं यात कुठं दिसतंय?’’

‘‘काका, तुम्ही पासबुक मागितलंत, ते दिलं. मागचं हवं असेल तर उतारा लागेल. त्याचा अर्ज वेगळा.’’

मग पुन्हा कागद, पुन्हा रांग, आणि बहुतेक वेळा पुन्हा एक दिवस. यात मॅडमचंही चुकलेलं नसतं आणि काकांचंही. पासबुक म्हणजे खात्याचा इतिहास, असं काका धरून चालतात. बँकेच्या संगणकासाठी मात्र पासबुक आणि खातेउतारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

पासबुकाची वाट अशी. प्रत्येक खात्यापुढे संगणक एक खूण ठेवतो: इथपर्यंतच्या नोंदी छापून झाल्या. तुम्ही पासबुक भरायला आणलंत की छपाई त्या खुणेच्या पुढून सुरू होते. खुणेच्या मागे काय होतं ते तुमच्या जुन्या पासबुकात छापलेलं आहे, म्हणजे तुमच्यापाशी आहेच, असं संगणक गृहीत धरतो. ते पासबुक एसटीत राहिलं, हे त्याला कोण सांगणार? म्हणून डुप्लिकेट पासबुकात एक तर नुसती शिल्लक पुढे ओढलेली येते, नाहीतर शेवटच्या छपाईनंतरच्या नोंदी तेवढ्या येतात. मागच्या नोंदी पुन्हा छापून देता येतात, पण ते वेगळं काम आहे आणि बऱ्याच बँका त्याचं पानागणिक शुल्क घेतात.

आणखी एक अडचण लोकांना माहीत नसते. वर्षभर पासबुक भरलंच नाही, तर काही बँकांत मधल्या सगळ्या नोंदी एकत्र करून एक बेरीज जमेला आणि एक नावे टाकतात. आठ महिन्यांचे व्यवहार दोन ओळींत संपतात. म्हणजे हरवलेलं पासबुक परत मिळालं असतं तरी काकांना हवी ती ओळ त्यात सापडली असतीच, असं नाही.

खातेउताऱ्याची वाट सरळ आहे. त्याला खूणबिण काही नाही. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, एवढं सांगितलं की मधला प्रत्येक व्यवहार तारखेसह येतो. तपशीलही पासबुकापेक्षा मोठा येतो. पासबुकाचा रकाना अरुंद असल्यामुळे पैसे पाठवणाऱ्याचं नाव अर्ध्यावर तुटतं, आणि एनईएफटीने आलेल्या रकमेचा यूटीआर क्रमांक पासबुकात बहुधा मावत नाही. उताऱ्यात तो मिळतो.

तेव्हा पत्र एकच असलं तरी त्यात मागण्या दोन असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या मांडाव्यात. पण त्याआधी एक तिसरी गोष्ट लिहायची असते आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. ती म्हणजे पासबुक हरवल्याची सूचना.

‘पासबुकच तर आहे, एटीएम कार्ड थोडंच आहे’ असं म्हणून लोक महिना-दोन महिने काढतात. एवढं खरं, की नुसत्या पासबुकावर कोणी पैसे काढू शकत नाही. पण पैसे काढायची स्लिप कशी चालते ते पाहा. चेकवर तुमच्या खात्याचा ठसा असतो, स्लिप मात्र काउंटरवर कोणालाही मिळते. म्हणूनच स्लिपवर पैसे देताना बँक पासबुक सोबत मागते. स्लिपवरची सही आणि हातातलं पासबुक, अशा दोन गोष्टींवर तो व्यवहार उभा असतो. त्यातली एक गोष्ट अनोळखी माणसाच्या हाती गेली आणि दुसरी त्याने गिरवली, तर गर्दीच्या दिवशी काय होईल याचा भरवसा देता येत नाही. खोट्या सहीवर पैसे दिले तर जबाबदारी बँकेवर येते, कारण ती रक्कम द्यायला तुम्ही सांगितलेलंच नसतं. पण भांडणात पहिला प्रश्न हाच येतो: पासबुक हरवल्याचं तुम्ही बँकेला कधी कळवलं होतं? त्याचं उत्तर कागदावर तारखेनिशी असलेलं बरं.

दुसरा धोका शाखेबाहेरच्या पासबुक छापायच्या यंत्राचा. पासबुकाच्या आत किंवा पाठीमागे एक छोटा बारकोड चिकटवलेला असतो. यंत्र तो वाचतं आणि नोंदी छापून देतं. पिन नाही, ओटीपी नाही, अंगठा नाही. याचा अर्थ, तुमचं पासबुक ज्याला सापडलं तो यंत्रात घालून तुमच्या खात्यात या आठवड्यात किती आले, कुठून आले, किती गेले हे छापून घेऊ शकतो. पैसे हलत नाहीत, पण अशी माहिती हाती असलेला माणूस उद्या फोन करून ‘बँकेतून बोलतोय, तुमचे अमुक इतके जमा झालेत ना?’ असं म्हणाला, तर समोरचा विश्वास ठेवतो. नव्या पासबुकावर नवा बारकोड लागतो. तो लावताना जुना बंद झाला ना, एवढं तोंडी विचारून घ्यावं आणि पत्रातही तसं लिहावं.

आता एक उदाहरण घेऊन पत्रच लिहू. कराड तालुक्यातला एक ऊस उत्पादक धरा. बचत खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, स्वतःच्या आणि पत्नीच्या नावाने. 6 जून 2025 ला एसटीत पिशवी राहिली, पिशवीत पासबुक. त्याला उतारा हवा आहे कारण कारखान्याशी वाद आहे. पहिल्या बिलाला उशीर झाला आणि दुसरा हप्ता आलाच नाही, असं त्याचं म्हणणं आहे. पत्र असं:

दिनांक: 9 जून 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव व शाखा)

विषय: बचत खात्याचे पासबुक हरवल्याची सूचना, तसेच डुप्लिकेट पासबुक व खातेउतारा मिळण्याबाबत.

संदर्भ: बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक), खातेदार: (खात्यावर आहेत तशी दोन्ही नावे)

महोदय,

वरील खाते माझ्या व माझ्या पत्नीच्या नावे असून ते ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ या पद्धतीने चालते. या खात्याचे पासबुक दि. 6 जून 2025 रोजी कराड ते उंब्रज या एसटी प्रवासात पिशवीसह हरवले. शोध घेऊनही ते मिळाले नाही. ते मी कोणाकडेही तारण म्हणून किंवा अन्य कारणाने ठेवलेले नाही. पिशवीत चेकबुक किंवा एटीएम कार्ड नव्हते.

तरी विनंती की,

1) पासबुक हरवल्याची नोंद आजच खात्यावर घ्यावी. त्या पासबुकासह पैसे काढण्याची स्लिप कोणी सादर केल्यास मूळ ओळखपत्र पाहिल्याशिवाय रक्कम देऊ नये. जुन्या पासबुकाचा बारकोड बंद करावा.

2) डुप्लिकेट पासबुक द्यावे.

3) दि. 1 नोव्हेंबर 2024 ते 31 मे 2025 या काळाचा, प्रत्येक व्यवहाराचा पूर्ण तपशील असलेला खातेउतारा शाखेच्या शिक्क्यासह व अधिकाऱ्याच्या सहीने द्यावा. साखर कारखान्याकडील ऊसबिलाच्या पडताळणीसाठी तो हवा आहे.

नियमाप्रमाणे होणारे शुल्क वरील खात्यातून वजा करण्यास माझी संमती आहे. हरवलेले पासबुक सापडल्यास त्याचा वापर न करता ते शाखेत जमा करीन.

सोबत: ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत.

आपला विश्वासू,
(बँकेत नोंदलेली सही)
नाव, पत्ता, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक

पत्र मराठीत चालेल का, ही शंका काउंटरवर वारंवार ऐकू येते. चालतं. किरकोळ ग्राहकांना लागणारे छापील अर्ज, स्लिपा आणि पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. पुष्कळ शाखांत या कामाचा छापील अर्जही असतो. तो भरायला सांगितला तर भरावा, पण त्यात हव्या असलेल्या तारखा आणि हरवल्याची हकिकत लिहायला जागा नसते. म्हणून वरचं पत्र त्याला जोडून द्यावं.

पत्रातल्या काही ओळी साध्या दिसतात, पण त्या उगाच नाहीत. ‘दोघांपैकी कोणीही’ हे लिहिल्याने एकाच सहीवर अर्ज चालतो हे अधिकाऱ्याला लगेच कळतं. खातं ‘दोघांच्या सहीने’ चालणारं असेल तर पत्रावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि ही गोष्ट काउंटरवर जाऊन कळली की पुन्हा एक खेप. पासबुक तारण ठेवलेलं नाही हे वाक्य बँकांच्या छापील अर्जातही असतं, कारण खेड्यापाड्यांत उसनवारीपोटी सावकाराकडे पासबुक ठेवण्याचे प्रकार होत आले आहेत. चेकबुक आणि कार्ड पिशवीत नव्हतं, हेही लिहावं. असेल तर मात्र पत्राची वाट न पाहता आधी बँकेच्या टोल-फ्री क्रमांकावर कार्ड बंद करावं आणि उरलेल्या चेकांचं पेमेंट थांबवायचा वेगळा अर्ज द्यावा. कार्डाचा पूर्ण क्रमांक, पिन, ओटीपी यांतलं काहीही कुठल्याही पत्रात लिहायचं नसतं.

सही बँकेत आहे तशीच हवी. खातं वीस वर्षांपूर्वी उघडलेलं असतं, तेव्हाची सही आडनावासकट असते, आता माणूस नुसतं एक वळण काढतो. संगणकावर जुनी सही उघडते आणि अर्ज अडकतो. अशा वेळी मूळ आधार किंवा पॅन दाखवून नव्या सहीची नोंद करून घ्यावी लागते. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराने स्वतःच जावं, दुसऱ्याबरोबर पत्र पाठवून काम होत नाही. आणि खातेदार वारलेला असेल तर हे पत्र उपयोगाचंच नाही. तिथे वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीने दाव्याचा अर्ज करायचा असतो, त्याची कागदपत्रं वेगळी असतात.

खाते क्रमांकच पाठ नसेल तर? पासबुकाबरोबर तोही गेला, असं वाटून लोक घाबरतात. जुन्या चेकच्या पानावर, पैसे भरल्याच्या स्लिपच्या तुकड्यावर, कारखान्याच्या बिलपावतीवर तो सापडतो. मोबाइलवरच्या संदेशात शेवटचे तीन-चार आकडे असतात. काहीच नसलं तरी नोंदवलेला मोबाइल क्रमांक, आधार किंवा पॅन यावरून शाखेला खातं शोधता येतं. आधारची प्रत देताना शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत चालते का, हे आधी विचारावं.

खर्चाचं म्हणाल तर बचत खात्याच्या पासबुकासाठी बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. डुप्लिकेटचं मात्र शुल्क लागतं, प्रत्येक बँकेचं वेगळं, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. शुल्क 100 रुपये असेल तर खात्यातून 118 जातात. मागच्या नोंदी पासबुकातच छापून मागितल्या तर पानांचे पैसे वाढतात. म्हणून मी तरी सांगेन, जुना इतिहास पासबुकात मागूच नका, उताऱ्यावर घ्या. नेट बँकिंग किंवा बँकेचं ॲप असेल तर उतारा स्वतःलाच पीडीएफमध्ये काढता येतो. घरच्या हिशेबाला तो पुरतो. दुसऱ्या कार्यालयात द्यायचा असेल तर तिथे शिक्का आणि सही बहुधा मागतातच.

पोलीस तक्रार आणि स्टॅम्पपेपर या दोन गोष्टींवर लोकांचा नाहक वेळ आणि पैसा जातो. साध्या बचत खात्याच्या पासबुकासाठी बहुतेक बँकांत खातेदाराचं पत्र पुरतं. काही बँका पोलिसांत हरवल्याची नोंद मागतात, काही हमीपत्र मागतात. ठेवीची पावती हरवली तर हमीपत्राचा आग्रह जास्त असतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 रुपयांच्या स्टॅम्पऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक आला आहे. तेव्हा कोणी बाहेरच्या बाहेर ‘ॲफिडेव्हिट करून आणा’ म्हटलं तर आधी आत जाऊन बँकेचा नियम कोणता ते विचारावं, मग स्टॅम्प घ्यावा. पासबुक हरवलं नसून चोरीला गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पोलिसांत जावंच आणि पत्रातही ‘हरवले’ न लिहिता ‘चोरीस गेले’ असं लिहावं.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक शाखेत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ही पोहोच मागायला लोक संकोचतात. ‘ओळखीचेच आहेत, कशाला मागायची’ असं वाटतं. पण ओळखीचा माणूस बदली होऊन जातो, अर्ज फायलीत जातो आणि तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

खातं झोपलेलं असेल तर वेळ लागतो. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरलं जातं. बँकेने टाकलेलं व्याज हा खातेदाराचा व्यवहार नव्हे. अशा खात्याचं आधी केवायसी नव्याने करावं लागतं, मग पासबुक. खातं पुन्हा सुरू करण्याबद्दल बँकेला शुल्क घेता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात 1 एप्रिल 2024 पासून स्पष्ट आहे.

आता आपल्या ऊस उत्पादकाच्या हाती उतारा आला असं समजू. उतारा हाती आल्यावर पहिली तपासणी साध्या अंकगणिताची. सुरुवातीची शिल्लक घ्या, त्यात जमा मिळवा, नावे टाकलेलं वजा करा. शेवटची शिल्लक जुळली म्हणजे मधलं पान गहाळ नाही. बऱ्याच पानांचा उतारा असला की एखादं पान प्रिंटरमध्येच राहतं आणि ते घरी गेल्यावर कळतं. पानांवरचे क्रमांकही त्यासाठी बघावेत. मग कारखान्याची कागदं शेजारी ठेवायची. वजनपावतीवर 12 जानेवारी 2025 ही तारीख आणि 38 टन ऊस. दर टनाला 3,100 रुपये, म्हणजे बिल 1,17,800 रुपयांचं. त्यातून विकास सोसायटीच्या पीककर्जापोटी कारखान्याने 70,000 कापले. उरले 47,800. उताऱ्यात शोधायची रक्कम 47,800 आहे, 1,17,800 नाही. ‘बिल जमाच झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण पूर्ण बिलाचा आकडा शोधत बसलेले असतात.

उताऱ्यात 47,800 रुपये 21 फेब्रुवारीला जमा दिसतात. एफआरपीची रक्कम ऊस दिल्यापासून 14 दिवसांत द्यावी, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज द्यायचं, हेही त्यात आहे. 12 जानेवारीपासून 14 दिवस म्हणजे 26 जानेवारी. तिथून 21 फेब्रुवारीपर्यंत 26 दिवसांचा उशीर. सगळी रक्कम एफआरपीची आहे आणि सोसायटीचे पैसेही त्याच दिवशी गेले, असं धरलं तर 1,17,800 वर 26 दिवसांचं व्याज साडेबाराशे रुपयांच्या थोडं वर जातं. रक्कम मोठी नाही, पण आता ती मागताना ‘उशीर झाला’ एवढंच सांगावं लागत नाही. तारीख आणि यूटीआर क्रमांक दाखवता येतो.

दुसऱ्या हप्त्याचं मात्र उलटं निघतं. टनाला 200 रुपयांप्रमाणे 7,600 रुपये 4 एप्रिलला जमा झालेले आहेत आणि त्याच तारखेला खालच्या ओळीत 7,000 रुपये त्याच बँकेतल्या थकलेल्या कर्जाच्या हप्त्यापोटी वळते झाले आहेत. शिल्लक 600 रुपयांनी वाढली, म्हणून हप्ता आलाच नाही असं त्याला वाटलं. मोबाइल क्रमांक जुना असल्याने संदेशही आला नव्हता. नुसती शिल्लक छापलेल्या पासबुकावर विसंबून तो कारखान्यात भांडायला गेला असता तर कारखान्याने हीच नोंद दाखवून त्याला परत पाठवलं असतं. आता त्याचा प्रश्न बँकेला आहे: ही कपात कोणत्या करारानुसार केली? आणि त्याच खेपेत मोबाइल क्रमांक बदलायचा अर्जही द्यायला हवा.

किती मागचा उतारा मिळतो, हा पुढचा प्रश्न. मनी लाँडरिंगविरोधी 2002 च्या कायद्याप्रमाणे व्यवहारांच्या नोंदी व्यवहारापासून किमान 5 वर्षं ठेवाव्या लागतात. बँकांच्या नोंदी किती काळ जपायच्या याचे 1985 चे नियमही आहेत. त्यांत काही नोंदींना 5 तर काहींना 8 वर्षांची मुदत आहे. त्यापेक्षा जुनं संगणकात असलं तर मिळतं, पण त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणून पत्रात ‘खाते उघडल्यापासूनचा उतारा’ असं मोघम लिहू नये. खरंच लागणारा काळ लिहावा, आणि पाच वर्षांची कड जवळ आली असेल तर घाई करावी.

विलीन झालेल्या बँकांच्या खातेदारांनी आणखी एक जपावं. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेल्या. वर्षभराने, 1 एप्रिल 2020 ला, सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये गेल्या. आयएफएससी बदलले, काही खात्यांचे क्रमांकही बदलले. अशा खात्याचा विलीनीकरणाच्या तारखेच्या अलीकडचा-पलीकडचा उतारा मागताना जुना आणि नवा दोन्ही क्रमांक लिहावेत. नाहीतर उतारा विलीनीकरणाच्या दिवसापासूनच सुरू होतो आणि आधीचं काही नाहीच असं वाटतं.

उतारा कोर्टात दाखल करायचा असेल तर साधा शिक्का पुरत नाही. 1891 चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट अजून लागू आहे. त्यानुसार बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालते आणि मूळ वही कोर्टात आणावी लागत नाही. पण त्यासाठी विहित मजकुराचं प्रमाणपत्र जोडलेलं हवं. नोंदी संगणकातून काढलेल्या असल्या तर त्याचंही प्रमाणपत्र हवं. वकिलाने सांगितलं असेल तर पत्राच्या तिसऱ्या मागणीत ‘या कायद्याखालील प्रमाणपत्रासह’ एवढे शब्द वाढवावेत. नंतर मागायला गेलात तर बँक नवा अर्ज मागते.

बहुतेक शाखांत पासबुक त्याच दिवशी मिळतं, प्रिंटर चालू असेल तर. उतारा एखाद-दोन दिवसांत. ‘उद्या या’ लांबत गेलं तर पोहोचेची प्रत घेऊन शाखा व्यवस्थापकांना भेटावं, मग बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही. पतसंस्थेचं खातं असेल तर मात्र हा मार्ग बंद आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येतात, तक्रार तिकडे.

नवं पासबुक हातात घेतल्यावर काउंटर सोडायच्या आधी त्याचं पहिलं पान वाचावं. नावाचं स्पेलिंग, पत्ता, आयएफएससीचे 11 आणि एमआयसीआरचे 9 आकडे-अक्षरं, ‘डुप्लिकेट’ असा शिक्का, आणि नामनिर्देशन झालंय की नाही. जुन्या खात्यांत नामनिर्देशनाची जागा रिकामी असते. त्याचा अर्ज तिथेच मागून भरून टाकावा. आणि जुनं पासबुक पुढे कधी सापडलंच तर ते कपाटात ठेवू नका, शाखेत नेऊन द्या. त्यातल्या नोंदी कामाच्या वाटत असतील तर देण्याआधी पानांच्या झेरॉक्स काढून घ्या.